रीडिंग दुरुस्त कर

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला सरांनी एक नवीन पद्धत सुरू केली. प्रॅक्टिकलचा रिपोर्ट थेट त्यांच्याकडे द्यायचा नाही. आधी वर्गातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्यायचा, त्यानं लेखी अभिप्राय द्यायचा, मग आठवड्याभरात सुधारून सरांकडे. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्याकडे माझ्याच बाकावरच्या मैत्रिणीचा रिपोर्ट आला. पाण्याचा कठीणपणा, ईडीटीए टायट्रेशन, म्हणजे रंग बदलेपर्यंत ब्युरेटमधून ईडीटीएचं द्रावण सोडायचं आणि किती मिली लागलं ते रीडिंग घ्यायचं. नमुना तिच्या घरच्या विहिरीचा.

ती दिंडोरीकडची. घरी द्राक्षबाग आहे. रोज सकाळी एसटीनं नाशिकला येते आणि प्रॅक्टिकल लांबलं की घड्याळाकडे बघत बसते. विहिरीचं पाणी तिनं पाण्याच्या बाटलीतून आणलं होतं, हे मला आठवत होतं, कारण आमच्यापैकी बाकी सगळ्यांनी लॅबच्या नळाचंच पाणी घेतलं होतं.

रिपोर्ट मी कॅन्टीनमध्ये वाचला, चहा येईपर्यंत. चार पानं. अभिप्राय इंग्रजीत लिहिला, कारण रिपोर्ट इंग्रजीत होता. त्याचा आशय असा: मांडणी छान आहे, प्रस्तावना लांब आहे, रीडिंग कॉन्कॉर्डंट, म्हणजे एकमेकांशी जुळणारी, नाहीत, दुरुस्त करावीत, चर्चेचा भाग कमकुवत आहे, निष्कर्ष आणखी स्पष्ट हवा. पाच वाक्यं. मला ती सभ्यही वाटली आणि पुरेशीही.

दोन दिवसांनी तिनं सुधारलेला रिपोर्ट दाखवला. मी तक्ता बघितला आणि क्षणभर काही बोलताच आलं नाही. आधी तिथं 19.4, 18.9 आणि 18.2 मिली अशी तीन रीडिंग होती. आता 18.8, 18.8, 18.9 होती. सीबीआर, म्हणजे स्थिर धरलेलं रीडिंग, 18.8.

"हे कुठून आलं?"

"तूच लिहिलंस ना, दुरुस्त कर म्हणून."

तिच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता, आणि हेच मला जास्त लागलं. ज्यानं आपल्याकडे बीएस्सी केलंय त्याला सांगायला नको की जर्नलमधली रीडिंग कशी 'जुळतात'. तीन वर्षं आम्ही तेच बघत आलो होतो. सीनियरचं जर्नल, तीन सारखे आकडे, खाली सही. त्या सवयीच्या माणसाला 'रीडिंग जुळत नाहीत, दुरुस्त करा' असं लिहून दिलं तर त्याचा एकच अर्थ निघतो. तिच्या मूळ रिपोर्टमधली सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, तर ते तीन न जुळणारे आकडे तिनं जसेच्या तसे लिहिले होते. आणि माझ्या अभिप्रायानं नेमके तेच पुसून टाकले.

मी तिला म्हटलं, मला एक दिवस दे, मी परत वाचते. आणि तुझी रफ वही दे.

त्या रात्री मी आधी कॅल्क्युलेटर काढला. अभिप्राय लिहिण्याआधी दुसऱ्याचं गणित स्वतः करून बघायचं असतं, हे पहिल्या वेळी मला सुचलंच नव्हतं. तिनं कठीणपणाचं सूत्र म्हणून नुसतं 'रीडिंग गुणिले 20' लिहिलं होतं. मला वाटलं, सापडली चूक, यात ईडीटीएची संहती कुठंच नाही! पेन उचललाही होता. मग शांतपणे मांडून बघितलं. 0.01 मोलर ईडीटीएचा 1 मिली म्हणजे 1 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. नमुना 50 मिली, उत्तर लिटरला हवं, म्हणजे 1000 भागिले 50, म्हणजे 20. संहती त्या 20 मध्येच होती. सूत्र बरोबर होतं, फक्त कुठून आलं ते तिनं लिहिलं नव्हतं. मी 'सूत्र चुकलंय' असं लिहून मोकळी झाले असते तर तिनं बरोबर असलेलं सूत्र बदललं असतं, कारण माझ्यावर तिचा विश्वास आहे. वाचणाऱ्याची चूक लिहिणाऱ्याच्या रिपोर्टमध्ये जाऊन बसते, ती अशी.

मग तीन आकडे. 19.4, 18.9, 18.2. पहिल्या वाचनात मला ते नुसते 'विखुरलेले' दिसले होते. ब्युरेटवर 0.1 मिलीच्या रेघा असतात. जमलेल्या हाताची रीडिंग एकमेकांपासून 0.1 मिलीच्या आत येतात. इथं पहिल्या आणि तिसऱ्यात 1.2 मिलीचा फरक. पण या वेळी ते क्रमानं वाचले आणि दिसलं की ते विखुरलेले नाहीतच, ते उतरत चाललेत. हात थरथरला, डोळ्यानं रेघ चुकवली, थेंब जास्त पडला, तर आकडे कधी वर कधी खाली जातात. तीनच आकड्यांवरून फार काही म्हणता येत नाही हे खरं, पण पायऱ्या उतरल्यासारखे आकडे दिसले की वेळेचा काही संबंध आहे का, हे शोधावं.

उत्तर तिच्याच कृतीच्या परिच्छेदात होतं. दुसऱ्या पानावर, चौथ्या ओळीत. तिनं लिहिलं होतं की तिन्ही कॉनिकल फ्लास्कमध्ये प्रत्येकी 50 मिली नमुना घेऊन बफर आणि इंडिकेटर घातला, आणि मग एकेक करून टायट्रेशन केलं.

या प्रयोगात अमोनिया बफर घालून पीएच 10 च्या आसपास न्यावा लागतो, कारण एरिओक्रोम ब्लॅक टी या इंडिकेटरचा लालसर वाइन रंग जाऊन स्वच्छ निळा यायचा तर तो तिथंच नीट येतो. पण त्याच पीएचला पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट बनून हळूहळू बाहेर पडायला लागतं, आणि जे बाहेर पडलं ते ईडीटीएला पटकन सापडत नाही. म्हणून बफर घातल्यापासून पाच मिनिटांत टायट्रेशन उरकायचं असतं, आणि ईडीटीए साधारण 15 मिलीपेक्षा कमी लागेल एवढाच नमुना घ्यायचा असतो. तिचा पहिला फ्लास्क लगेच झाला असणार. तिसरा फ्लास्क बफर घालून वाट बघत उभा होता.

रफ वहीत तिसऱ्या रीडिंगपुढं पेन्सिलीनं मराठीत बारीक लिहिलं होतं: 'निळा झाला, परत लाल'. रिपोर्टमध्ये हे वाक्य नव्हतं. रिपोर्टमध्ये त्याच्या जागी होतं की रीडिंगमधला फरक मानवी चुकीमुळे असावा.

बसून राहिले थोडा वेळ. तिनं बघितलं होतं, टिपलंही होतं. एंड पॉईंट येऊन रंग परत फिरणं, म्हणजे बाहेर पडलेलं थोडं कार्बोनेट पुन्हा विरघळून कॅल्शियम पाण्यात येत असावं, याची ती खूण होती. आणि पक्का रिपोर्ट लिहिताना तिनं ती खूण गाळून तिथं दोन शब्द टाकले, जे प्रत्येक जर्नलमध्ये असतात. माझ्या 'चर्चेचा भाग कमकुवत आहे' या शेऱ्यानं तिला हे कधीच सापडलं नसतं. कमकुवत म्हणजे काय करू? आणखी दोन परिच्छेद लिहू?

दुसरा अभिप्राय मी मराठीत लिहिला. सरांची हरकत नव्हती. मला जाणवलं की इंग्रजीत लिहायला बसले की मी परीक्षकासारखी बोलायला लागते. पाठ झालेले शेरे आपोआप येतात आणि ते कुणालाही उद्देशून नसतात. मराठीत तिच्याशी बोलताना मला 'कमकुवत' म्हणताच येईना, कारण ती लगेच विचारणार, कुठं?

सुरुवात मी तक्त्यापासून केली. ते इथं जसंच्या तसं देते:

"पान 3 वरचा पहिला तक्ता, 19.4, 18.9, 18.2, तो परत आण. मी मागच्या वेळी 'दुरुस्त कर' लिहिलं, ते चुकीचं लिहिलं. हे आकडे तू खरे लिहिलेस आणि ते क्रमानं उतरतात, म्हणून त्यातून काहीतरी शोधता येतं. तिन्ही 18.8 असते तर शोधायला काहीच उरलं नसतं."

कौतुक करायचं म्हणून हे वाक्य लिहिलं नव्हतं. सुधारताना काय बदलायचं नाही हेही सांगावं लागतं, नाहीतर माणूस घाबरून चांगलं तेही खोडतो. 'मांडणी छान आहे' यानं तिला काय ठेवायचं ते कळलं नव्हतं.

पुढं लिहिलं: "पान 2, ओळ 4. तिन्ही फ्लास्कमध्ये बफर एकदमच घातलास का? आणि तिसऱ्याचं टायट्रेशन सुरू होईपर्यंत अंदाजे किती मिनिटं गेली? तुझ्या रफ वहीत तिसऱ्यापुढं 'निळा झाला, परत लाल' असं आहे. मला वाटतं हे दोन्ही एकमेकांशी जोडलेलं असावं, पण मी तिथं नव्हते. तुला आठवतं ते लिही."

प्रश्न विचारला तो नम्रता दाखवायला नाही. मला खरंच माहीत नव्हतं. मी माझ्या टेबलावर माझ्या नळाच्या पाण्याशी झटत होते. 'तू बफर आधी घातलास म्हणून रीडिंग उतरली' असं ठोकून दिलं असतं तर ते वाक्य तिनं उतरवून घेतलं असतं आणि तो माझा अंदाज तिचा निष्कर्ष होऊन बसला असता. लिहिणाऱ्यालाच जे माहीत असतं, ते त्याच्याकडून काढून घ्यावं लागतं.

'मानवी चूक' या शब्दांबद्दल थोडं सविस्तर लिहिलं, कारण ते मीही तीन वर्षं लिहीत आले होते. "या दोन शब्दांवरून वाचणाऱ्याला दोन गोष्टी कळत नाहीत: उत्तर खऱ्यापेक्षा जास्त आलं की कमी, आणि किती. तुझ्या बाबतीत दोन्ही सांगता येतं. कॅल्शियम बाहेर पडलं असेल तर रीडिंग कमी येणार, म्हणजे कठीणपणा कमी दिसणार. तुझ्याच आकड्यांनी 388, 378 आणि 364. मग तीन रीडिंगांची सरासरी काढली तर ती खाली ओढली जाणार. ती ओढ तुझ्या शब्दांत लिही." वाक्य मी लिहून दिलं नाही. लिहून द्यायचा मोह फार होतो, विशेषतः आपल्याला इंग्रजी बरं येतं असं वाटत असेल तर. पण मग रिपोर्ट तिचा राहत नाही, आणि पुढच्या प्रयोगात ती पुन्हा 'मानवी चूक' वर येते.

सरासरी तिनं 376.67 मिलिग्रॅम प्रति लिटर लिहिली होती. गणित बरोबर. पण तीन उत्तरं एकमेकांपासून 24 मिलिग्रॅमनं लांब असताना दशांशानंतरचे दोन आकडे काय सांगतात? कॅल्क्युलेटरनं दाखवले म्हणून ते आलेत. एवढंच लिहिलं की 377 लिही आणि शेजारी 364 ते 388 ही व्याप्ती दे.

खरा घोळ निष्कर्षात होता, आणि गंमत म्हणजे त्यावर पहिल्या वेळी मी फक्त 'आणखी स्पष्ट हवा' म्हटलं होतं. निष्कर्ष स्पष्टच होता: हे पाणी पिण्यास अयोग्य आहे. तो स्पष्ट होता आणि चुकीचा होता. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, कठीणपणासाठी दोन मर्यादा देतं. 200 मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेता येतं. तिनं फक्त 200 धरलं होतं. तिची तिन्ही उत्तरं या दोन मर्यादांच्या मध्ये बसतात. इथं मी तिला एक गोष्ट मुद्दाम लिहिली: "364 धर नाहीतर 388, पाणी त्याच पट्ट्यात राहतं. रीडिंगांच्या फरकानं तुझा निष्कर्ष हलत नाही, एक मर्यादा सुटल्यामुळे हलतो. म्हणून आधी हे सुधार." आठवडाभरच वेळ असलेल्या माणसाला कुठली दुरुस्ती उत्तर बदलते आणि कुठली फक्त तक्ता नीट करते, हे कळलं पाहिजे. माझ्या पहिल्या पाच वाक्यांत लांब प्रस्तावना आणि न जुळणारी रीडिंग एकाच वजनानं बसली होती.

प्रस्तावनेचं मात्र मला वेगळंच काही म्हणायचं होतं. दीड पान पुस्तकातून आलेलं: कठीणपणा म्हणजे काय, साबणाला फेस का येत नाही, बॉयलरमध्ये थर कसा बसतो. पण बाटली आणली त्या दिवशी ती मला म्हणाली होती की ठिबकच्या ड्रिपरला पांढरा थर धरतो, पाणी नीट येत नाही, तिच्या पपांना दर थोड्या दिवसांनी लाईनमधून ॲसिड सोडावं लागतं, म्हणून विहिरीचं पाणी एकदा बघायचंय. हे वाचून कुणालाही पुढं वाचावंसं वाटेल. रिपोर्टमध्ये त्याचा एक शब्द नव्हता. मी लिहिलं, "साबण आणि बॉयलर काढून टाक. हा नमुना का घेतलास ते तीन ओळींत लिही. फक्त एक जप: ठिबकमध्ये चुना बसतो की नाही हे एकट्या कठीणपणावर ठरत नाही, पाण्याचा पीएच आणि बायकार्बोनेट किती आहे तेही लागतं. ते तू मोजलं नाहीस, तर ड्रिपरबद्दल निष्कर्ष काढू नको, नमुना घेण्याचं कारण म्हणून तेवढं ठेव."

शेवटी लिहिलं की यातलं काय लिहिण्यानं सुधारतं आणि कशासाठी पुन्हा टेबलाशी उभं राहावं लागेल. निष्कर्ष, सरासरी, प्रस्तावना, चर्चा, हे सगळं बसल्या जागी होण्यासारखं. रीडिंग जुळवायची असतील तर मात्र त्याला एकच मार्ग, पुन्हा टायट्रेशन. "वेळ नसेल तर आहे ती रीडिंग ठेव आणि कारण लिही. तोही पूर्ण रिपोर्टच आहे." हे लिहिणं मला सगळ्यांत गरजेचं वाटलं. हातात वेळ नसलेल्या मुलीला 'कॉन्कॉर्डंट रीडिंग हवीत' एवढंच सांगितलं की ती काय करते, ते मी बघितलं होतं.

अभिप्राय दीड पान झाला. तिनं तो लॅबच्या ओट्यावर उभ्यानंच वाचला. बफरच्या प्रश्नापाशी थांबली.

"एकदमच घातला होता. मग ब्युरेट भरायला गेले तर रांग होती. वीसेक मिनिटं गेली असतील तिसऱ्याला."

"मग लिही तसं."

"असं लिहिलं तर सर म्हणतील ना, पद्धत चुकली."

"चुकलीच आहे. पण तू ओळखलीस."

ती काही बोलली नाही. शनिवारी मात्र पुन्हा बाटली घेऊन आली. सरांनी तासभर लॅब उघडून दिली. या वेळी 25 मिली नमुना, त्यात डिस्टिल्ड वॉटर घालून 50, आणि एका वेळी एकच फ्लास्क, बफर घातला की लगेच. 9.8, 9.7, 9.8. नमुना निम्मा म्हणून आता 40 नं गुणायचं: 392. पण हे पाणी वेगळ्या दिवसाचं, त्यामुळे जुन्या आकड्यांचं कारण यावरून सिद्ध होत नव्हतं. तिनंच सुचवलं की एक फ्लास्क मुद्दाम जुन्या पद्धतीनं करू. 50 मिली, बफर घालून वीस मिनिटं ठेवला. आम्ही दोघी खिडकीपाशी उभ्या राहून वाट बघत होतो. जुळणारा आकडा आला असता तर 19.6 च्या आसपास यायला हवा होता. 18.7 ला निळा झाला. फ्लास्क पांढऱ्या टाइलवर ठेवला, आणि अर्ध्या मिनिटात तळाकडून जांभळट होत होत लाल झाला. ती हळूच म्हणाली, "हेच. त्या दिवशी हेच झालं होतं."

एका फ्लास्कवरून फार बोलू नये, आणि तिनं रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं: एकच चाचणी, पण दिशा तीच. जुना तक्ता ठेवला, खाली नवा दिला, मध्ये पेन्सिलीतलं ते वाक्य इंग्रजीत आलं. 'मानवी चूक' गेलं.

पुढच्या प्रयोगाला चिठ्ठ्या उलट पडल्या. माझा रिपोर्ट तिच्याकडे. क्लोराइड, मोहर पद्धत, लॅबच्या नळाचं पाणी. तिचा अभिप्राय मराठीत होता आणि पहिलंच वाक्य असं: "पान 2 वर तू ब्लँक घेतल्याचं लिहिलंस, पण पान 3 च्या तक्त्यात त्याचं रीडिंग दिसत नाही. किती आलं होतं?"

मी रफ वही काढली. नमुन्याऐवजी नुसतं डिस्टिल्ड वॉटर घेऊन केलेल्या ब्लँकचं रीडिंग 0.2 मिली. लिहिलेलं होतं, वजा केलेलं नव्हतं. तिनं खाली हिशोबही करून ठेवला होता: 'ब्लँक 0.2 च्या आसपास असेल तर उत्तर 2 मिलिग्रॅमनं कमी होईल. निष्कर्ष बदलत नाही, तक्ता बदलेल. आकडा तुझ्या वहीतलाच घे.'